विश्वासाच्या नावाने सही मागू नका

परदेशात राहणाऱ्या भावाबहिणींच्या सह्या गोळा करून वडिलांचं घर विकण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ झाली आहे, ती बेईमानीला आमंत्रण देणारी आहे. प्रत्येक मोठा भाऊ चोर असतो असं मला म्हणायचं नाही. तक्रार त्या कागदाबद्दल आहे, ज्याला आपण 'कुलमुखत्यारपत्र' म्हणतो आणि जो वकिलाच्या टेबलावर तयार पडलेला असतो. त्यात नावं घालायची, पत्ता घालायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्यायचा. तिकडून सही होऊन येतो. मग त्या अकरा पानांच्या जोरावर इथला माणूस तिकडच्या माणसाच्या हिश्श्याचं काहीही करू शकतो. विकू शकतो, गहाण टाकू शकतो, बक्षीस देऊ शकतो, हक्क सोडू शकतो, पैसे घेऊन पावती देऊ शकतो. सही करणाऱ्याने ती अकरा पानं वाचलेली नसतात. वाचायची आहेत असं म्हटलं तर पलीकडून एकच वाक्य येतं, "अगं, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

हे वाक्य बंद झालं पाहिजे. ते भावाने म्हणू नये, काकाने म्हणू नये आणि आम्हा वकिलांनी तर अजिबात म्हणू नये.

मी साताऱ्यात दिवाणी वकिली करते. बँकांसाठी मालमत्तेचे शोध अहवाल देणं हे माझं रोजचं काम. मागच्या तीस वर्षांतल्या नोंदी, सूची दोन, मालमत्ता पत्रक, फेरफार, मूळ खरेदीखतं हे सगळं पाहून विक्रेत्याचा हक्क निर्वेध आहे की नाही ते लिहून द्यायचं. या कामात परदेशी वारसांच्या मुखत्यारपत्रावर झालेले इतके व्यवहार हाताखालून गेले आहेत की ते पान दिसलं की मी आधी तारखा बघते. त्यातलं एक प्रकरण तपशिलात सांगते. माणसं ओळखू येतील असं काही त्यात ठेवलेलं नाही. कागदांची गोष्ट मात्र जशी घडली तशी आहे.

वडिलांनी स्वतःच्या कमाईतून साताऱ्यात प्लॉट घेऊन बंगला बांधला. २०१६मध्ये ते गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. मागे पत्नी, साताऱ्यात राहणारा मोठा मुलगा, लग्न होऊन न्यू जर्सीला गेलेली मुलगी आणि मेलबर्नला स्थायिक झालेला धाकटा मुलगा. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ही चौघं पहिल्या वर्गाचे वारस, म्हणजे प्रत्येकाला एक चतुर्थांश. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता असल्यामुळे यात दुसरा काही हिशेब नाही. नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर चौघांची नावं वारस म्हणून लागली. इथपर्यंत सगळं सरळ झालं आणि याचं श्रेय मोठ्या मुलाला द्यायला हवं, कारण बहिणीचं नाव वगळण्याचा प्रयत्न त्याने केला नव्हता. अनेक घरांत तो होतो. वारसनोंदीच्या प्रतिज्ञापत्रात 'याशिवाय अन्य कोणीही वारस नाहीत' अशी एक ओळ असते. ती खोटी लिहून बहिणीला आणि परदेशी भावाला कागदावरून नाहीसं करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना सांगते, फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि मालकी जातही नाही. ती महसुलाची नोंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे किती तरी वेळा सांगितलं आहे. नाव वगळलं म्हणून बहिणीचा हिस्सा वगळला जात नाही, फक्त पुढच्या खरेदीदाराची फसवणूक होते.

२०१८मध्ये बहीण आणि धाकटा भाऊ या दोघांनी मोठ्या भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. कारण सांगितलं होतं ते घरपट्टी, वीजबिल, भाडेकरू ठेवणं, डागडुजी. या कामांसाठी मुखत्यारपत्र लागतं हे खरं. पण जो मसुदा गेला तो सगळ्या अधिकारांचा होता. बहिणीने न्यू जर्सीत नोटरीसमोर सही केली आणि राज्याच्या ट्रेझरी विभागाकडून अपोस्टिल करून घेतलं. भावाने मेलबर्नला त्यांच्या परराष्ट्र खात्याकडून तेच केलं. कागद भारतात आले, तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरला गेला. भावाला दिलेलं मुखत्यारपत्र होतं, त्यामुळे मुद्रांक पाचशे रुपयांचा. मुद्रांक खातं हीच सवलत परक्या दलालाला देत नाही. त्रयस्थाला विक्रीचा अधिकार दिला तर खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो. तेव्हा कागदाच्या बाह्यांगात काही खोट नव्हती. नोंदणी कायद्याच्या कलम ३३प्रमाणे परदेशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय किंवा भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर केलेलं आणि त्याने प्रमाणित केलेलं असावं लागतं. ते तसं होतं.

२०२१मध्ये धाकटा भाऊ मेलबर्नला वारला.

२०२२मध्ये मोठ्या भावाने बंगला विकला. घेणारे निवृत्त शिक्षक दांपत्य, आयुष्याची पुंजी आणि मुलाचं कर्ज घालून एक कोटी वीस लाखांना घेतला. खरेदीखतात चार विक्रेते दाखवले. स्वतः मोठा भाऊ, आई आणि बाकी दोघांतर्फे मुखत्यार म्हणून पुन्हा मोठा भाऊ. मुखत्यारामार्फत दस्त नोंदवायचा असला की आपल्याकडे एक घोषणापत्र जोडतात. मुखत्यारपत्र अजून अमलात आहे, रद्द केलेलं नाही आणि ते देणारी व्यक्ती हयात आहे, असं मुखत्याराने त्यात लिहून द्यायचं असतं. मोठ्या भावाने ते लिहून दिलं. धाकट्या भावाच्या नावापुढेही 'हयात' लिहिलं. त्याच भावाचं तेराव्याचं जेवण त्याने साताऱ्यात घातलं होतं.

हे मला कसं कळलं? शिक्षक दांपत्याला बंगला तारण ठेवून कर्ज घ्यायचं होतं आणि त्या बँकेने फाईल माझ्याकडे पाठवली. मुखत्यारपत्र २०१८चं, विक्री २०२२ची. मधल्या चार वर्षांत ती दोन माणसं जिवंत आहेत की नाहीत, त्यांनी अधिकार काढून घेतले आहेत की नाहीत, हे घोषणापत्राखेरीज कशावरूनही सिद्ध होत नव्हतं. म्हणून दोघांकडून ताजं पत्र आणायला मी सांगितलं. एवढंच लिहायचं होतं की विक्री आमच्या संमतीने झाली आणि आमच्या हिश्श्याची रक्कम आम्हाला मिळाली. मोठ्या भावाने आठवडाभर टाळलं. शेवटी शिक्षकांनी बहिणीचा ई-मेल कुठून तरी मिळवला आणि तिला विचारलं. तिचं उत्तर मी वाचलं आहे. धाकटा भाऊ विक्रीच्या आधीच्या वर्षीच वारला होता, आणि बंगला विकला गेल्याचं तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. दादा दर दिवाळीला भाड्याचे म्हणून काही पैसे तिच्या इथल्या खात्यात भरत होता.

आता कायद्याने प्रत्येकाचं काय झालं ते बघा, कारण परदेशातले वारस नेमकं इथे चुकतात. बहिणीला वाटत होतं, फसवून विकलं म्हणजे विक्री रद्दच होईल. तसं नाही. तिने विक्रीचा अधिकार स्वतःच्या सहीने दिला होता, ती जिवंत होती, तिने तो काढून घेतला नव्हता आणि खरेदीदाराने प्रामाणिकपणे पैसे मोजले होते. तिच्या चतुर्थांशाची विक्री टिकण्याचीच शक्यता जास्त. तिला उरतो तो भावाकडून तीस लाख वसूल करण्याचा हक्क आणि तो वसूल करण्यासाठी साताऱ्यात दावा. 'फक्त घरपट्टी भरायला सही दिली होती' हे तोंडी सांगणं लेखी अकरा पानांपुढे टिकत नाही.

धाकट्या भावाची गोष्ट उलट. देणारा मेला की मुखत्यारपत्र संपतं. ज्या क्षणी तो गेला त्या क्षणी त्याचा चतुर्थांश त्याच्या वारसांकडे गेला. त्याची पत्नी, दोन मुलं आणि इथली आई. चौघांना त्या चतुर्थांशाचा चौथा भाग, म्हणजे बंगल्याचा प्रत्येकी सोळावा हिस्सा. घर भारतात असल्यामुळे इथलाच उत्तराधिकार कायदा लागतो, मेलबर्नचा नाही. पत्नी आणि मुलं मुखत्यारपत्रात कुठेच नव्हती. त्यांच्या तीन सोळांशांची विक्री करण्याचा अधिकार मोठ्या भावाला कोणीच दिला नव्हता. खरेदीदाराचा वकील म्हणेल की मृत्यूची बातमी आमच्या पक्षकारांना नव्हती. करार कायद्याच्या कलम २०८मध्ये तिऱ्हाइताला अधिकार संपल्याचं कळेपर्यंतचा जो आधार आहे, तोही तो घेईल. विरुद्ध बाजू म्हणेल की मेलेल्या माणसाच्या नावाने हस्तांतर होत नाही आणि मुखत्याराला तर मृत्यू माहीत होता. दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे, म्हणजेच निकाल लागेपर्यंत वर्षं जाणार. तोवर कोणतीही बँक त्या बंगल्यावर कर्ज देणार नाही. मी तसाच अहवाल दिला. कर्ज नामंजूर झालं. शिक्षकांच्या मुलीचा परदेशातला प्रवेश त्या पैशांवर अवलंबून होता.

पैशांचं आणखी एक टोक आहे, ते खरेदीदाराच्या गळ्यात अडकतं. एक कोटी वीस लाख सगळे मोठ्या भावाच्या खात्यात गेले आणि खरेदीदाराने त्यावर एक टक्का कर कापला, कारण त्याला दलालाने तसंच सांगितलं. एक टक्का हा नियम विक्रेता भारतात राहणारा असेल तर. विक्रेता अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर वेगळा, मोठा दर लागतो. २०२२मध्ये दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर वीस टक्के होता आणि वर चार टक्के उपकर, म्हणजे २०.८ टक्के. बहिणीचे तीस लाख आणि धाकट्या भावाच्या पत्नी-मुलांचे साडेबावीस लाख मिळून साडेबावन्न लाख अनिवासींचे. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आणलेला नसेल तर खातं पूर्ण रकमेवर हिशेब लावतं, म्हणजे जवळजवळ अकरा लाख. खरेदीदाराने त्यावर कापले साडेबावन्न हजार. तफावत भरण्याची जबाबदारी कायदा खरेदीदारावर टाकतो, वर व्याजही. मोठ्या भावाने एक रुपयाही कमी घेतला नाही आणि नोटीस यायची ती शिक्षकांच्या नावे. जुलै २०२४पासून अनिवासींसाठी हा दर साडेबारा टक्के झाला आणि महागाईचा निर्देशांक लावण्याची सवलत गेली. तरीही एक टक्का आणि तेरा टक्के यांतला फरक फरकच आहे.

बहिणीच्या बाजूने पाहिलं तर पैसे भावाच्या खात्यात जाणं हीच मोठी चूक. वारसाने मिळालेलं घर विकून आलेला पैसा अनिवासी माणसाच्या एनआरओ खात्यात जमा झाला, तर तिथून आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम कर भरल्याचे आणि वारसाचे कागद दाखवून बाहेर नेता येते. भावाच्या खात्यातून भावाने पाठवलेला पैसा हा कागदावर भावाचाच पैसा. उद्या बहिणीला त्याचा स्रोत सिद्ध करायचा झाला तर तिच्याकडे खरेदीखतातल्या तिच्या नावाखेरीज काही नाही. आणि त्या खरेदीखतात लिहिलेलं असतं की रक्कम तिला मिळाली!

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. परदेशातल्या वारसाने कुलमुखत्यारपत्र देऊच नये. सगे असोत, सख्खा भाऊ असो, आई असो. कायदा याला पर्याय देतो आणि तो पर्याय आमच्या धंद्यातले लोक सांगत नाहीत, कारण त्यात एक कागद वाढतो आणि दलालाला घाईने व्यवहार उरकता येत नाही.

तो पर्याय असा. खरेदीखताचा अंतिम मसुदा, किंमत, खरेदीदाराचं नाव, हिश्श्याची रक्कम आणि ती कोणत्या खात्यात येणार हे सगळं लिहिलेलं, वारसाला पाठवायचं. वारसाने ते खरेदीखत स्वतः परदेशात सही करायचं, प्रत्येक पानावर, साक्षीदारांसह. आणि मुखत्यारपत्र द्यायचं ते फक्त नोंदणीसाठी, म्हणजे हा ठरावीक दस्त दुय्यम निबंधकांपुढे सादर करायचा आणि वारसाच्या वतीने 'सही त्यांचीच आहे' अशी कबुली द्यायची. आमच्या कार्यालयांत याला कबुलीजबाबाचं मुखत्यारपत्र म्हणतात. मुद्रांक नाममात्र. भारताबाहेर सही झालेला दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा, आणि चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला सादर करण्याची मुभा नोंदणी कायदाच देतो. या मार्गाने मुखत्याराच्या हातात विक्रीचा अधिकार कधी येतच नाही. किंमत बदलायची, खरेदीदार बदलायचा, हिस्सा कमी करायचा, तर पुन्हा वारसाची सही लागते. भाऊ प्रामाणिक असेल तर त्याचं काहीही बिघडत नाही. अप्रामाणिक असेल तर त्याला जागा उरत नाही.

प्रत्यक्ष वाटाघाटीसाठी कोणाला तरी विक्रीचा अधिकार द्यावाच लागेल अशी परिस्थिती असेल, तर विशेष मुखत्यारपत्र द्या आणि त्यात हात आखडूनच ठेवा. एकच मालमत्ता, तिचा सिटी सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ लिहून. किमान किंमत आकड्यात. माझ्या हिश्श्याचा पैसा माझ्या एनआरओ खात्यातच, खाते क्रमांकासह. मुदत सहा महिने. मुखत्याराला स्वतःच्या नावे किंवा स्वतःच्या नातेवाइकाच्या नावे काहीही करून घेण्याची मनाई. बक्षीस, हक्कसोड, गहाण हे शब्द मसुद्यात कुठेही असले तर ते पान फाडा. हक्कसोडपत्र हा तर सगळ्यात घातक शब्द आहे. मालमत्तेतला हिस्सा पैसे न घेता भावाकडे वळवण्याचा अधिकार त्यातून जातो, आणि मुखत्यार स्वतःच लिहून घेणारा आणि स्वतःच लिहून देणारा असे दस्त मी वाचले आहेत. ते रद्द करायला बहिणीला दावा लावावा लागतो, आणि तो कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो.

इथे राहणाऱ्या भावाची बाजूही मला मांडायची आहे, कारण ती कोणी मांडत नाही. आईचं औषधपाणी, छताची गळती, पालिकेच्या चकरा, भाडेकरूशी भांडण हे सगळं त्याने केलं. परदेशातली दोघं चार वर्षांत एकदा आली, पंधरा दिवस राहिली, आईला साडी देऊन गेली. आणि विक्रीची वेळ आली की चतुर्थांशाचा पाव पैसाही सोडायला तयार नाहीत. हा अन्याय आहे. तो सोसून त्या भावाने गप्प बसावं असं मी म्हणणार नाही. त्याने उघडपणे मागावं. आईच्या देखभालीचा आणि घराच्या खर्चाचा हिशेब काढावा, विक्रीच्या रकमेतून आधी तो वळता करण्याचा करार सगळ्यांच्या सह्यांनी लिहून घ्यावा, किंवा बहिणीने स्वेच्छेने हक्क सोडायचा असेल तर तिने स्वतः नोंदवलेलं हक्कसोडपत्र करावं. त्याचाही मुद्रांक फार नाही. परदेशातल्यांनी 'आम्हाला काही नको, तुलाच ठेव' असं फोनवर सांगून मोकळं होऊ नये. फोनवरच्या त्या औदार्याचा मालमत्ता पत्रकावर काही परिणाम होत नाही, आणि दहा वर्षांनी भाव वाढला की त्यांचीच मुलं ते शब्द नाकारतात. द्यायचं असेल तर नोंदवून द्या, नसेल तर स्पष्ट सांगा.

आणि कार्यालयांबद्दल. भारत २००५पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. न्यू जर्सीचं किंवा ऑस्ट्रेलियाचं अपोस्टिल असलेल्या कागदावर पुन्हा वकिलातीचा शिक्का मागण्याचं कारण नाही. तरीही काही ठिकाणी तो मागतात, 'वारसाला समक्ष आणा' म्हणतात, आणि मग विमानाचं तिकीट परवडत नाही म्हणून लोक वाकड्या वाटेला लागतात. दुबई-अबुधाबीतल्यांची गोष्ट वेगळी. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, तिथून भारतीय वकिलातीचाच शिक्का लागतो. दुसरी एक मागणी वारंवार होते, ती घरासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र आणण्याची. १९२५च्या कायद्यातलं ते प्रमाणपत्र बँकेतल्या ठेवी आणि शेअर यांच्यासाठी आहे, घर-जमिनीसाठी नाही. आपल्याकडे घराच्या बाबतीत न्यायालयाकडून घ्यायचं ते वारस प्रमाणपत्र, १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखालचं. जिथे वारसांबद्दल वाद नाही तिथे तेही प्रत्येक वेळी लागत नाही. चुकीचा कागद मागून महिनोन् महिने माणसाला फिरवणारा कारकून हा या फसवणुकीचा भागीदार आहे, त्याला ते माहीत असो वा नसो.

शेतजमिनीबद्दल एकच सांगते, कारण दर सुट्टीत कोणीतरी विचारतं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. विकताना ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो. एनआरआय मित्राला वडिलोपार्जित रान विकण्याचा बेत करून पुन्हा माझ्याकडे येऊ नका.

त्या बंगल्याचा दावा आज साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात आहे. मेलबर्नची विधवा आणि तिची मुलं वादी आहेत, शिक्षक दांपत्य प्रतिवादी क्रमांक दोन आणि तीन. मोठ्या भावाने त्या पैशांतून पुण्यात फ्लॅट घेतला आहे. आई त्याच्याकडेच राहते आणि जबाब द्यायला तिला न्यायालयात आणावं लागेल.

तुम्ही परदेशात असाल आणि कधीही कोणाला मुखत्यारपत्र दिलं असेल, तर आज ते काढून पूर्ण वाचा. प्रत नसेल तर मागून घ्या. द्यायला कोणी टाळाटाळ केली तर तेवढ्यावरूनच पुढचं ठरवा. त्यात विक्री, बक्षीस, हक्कसोड, गहाण यांतलं काहीही असेल आणि आत्ता त्याची गरज नसेल, तर रद्द करा. रद्द करण्याचा दस्त तिथेच नोटरीसमोर करून अपोस्टिल घ्या, मुखत्याराला पोचपावतीसह नोटीस पाठवा, मालमत्तेच्या गावातल्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि दुय्यम निबंधक, नगर भूमापन कार्यालय आणि सोसायटी असेल तर सोसायटी, यांना त्याची प्रत द्या. मनातल्या मनात रद्द केलेलं मुखत्यारपत्र तिऱ्हाइताच्या दृष्टीने चालूच असतं, त्याला कळवल्याशिवाय ते संपत नाही. मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या मालमत्तेचे दस्त तपासा आणि महसुली फेरफाराच्या नोटिसा 'आपली चावडी'वर बघा. दोन्ही कामं घरबसल्या होतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. आणि घरात कोणी मुखत्यारपत्र देणारं वारलं असेल, तर त्यांचा मृत्यू दाखला त्याच आठवड्यात या कार्यालयांकडे पाठवा. मेलबर्नमधून कोणी तो २०२१मध्ये पाठवला असता, तर २०२२चा दस्त नोंदवायला आलेल्या मुखत्याराला खोटं घोषणापत्र देताना हाताशी असलेला कागद आडवा आला असता.